तुरीची रानातली भावकी आणि जनुकपेढी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बियाणं गोळा करायला आम्ही गावोगाव जातो, तेव्हा बांधावर, चहाच्या टपरीवर आणि नंतर फोनवर लोक जे विचारतात, त्यातून हे पान तयार झालं आहे. एकच पीक धरून बोललं तर गोष्ट नीट समजते, म्हणून इथे तूर घेतली आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. जननद्रव्य म्हणजे बियाणंच ना? मग वेगळा शब्द कशाला?

बियाणं आपण पेरण्यासाठी ठेवतो. एका वाणाचं पोतंभर बियाणं असलं तरी आतला दाणा न् दाणा जवळपास सारखा असतो, आणि तसा तो असावा हीच आपली अपेक्षा असते. जननद्रव्यात वेगळेपण जपायचं असतं. आजीच्या काळातली गावरान तूर, मर रोगाला बळी न पडलेलं एखादं झाड, डोंगरउतारावर आपोआप उगवणारी तुरीची रानटी वेल, या सगळ्यांत जे गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरतात त्यांचा साठा म्हणजे जननद्रव्य. ते बहुधा बियांच्या रूपात ठेवतात, पण कलम, कंद किंवा काचेच्या नळीत वाढवलेला कोंबही जननद्रव्यच. हा साठा जिथे नोंदीसकट सांभाळला जातो ती जनुकपेढी.

२. तुरीचे रानटी नातलग कोणते, आणि ते आपल्याकडे आहेत का?

तूर मूळची भारतातलीच. तिचं सगळ्यात जवळचं रानटी भावंड म्हणजे कजानस कजानिफोलियस. ते पूर्व घाटात, ओडिशा आणि बस्तरच्या बाजूला सापडतं. पाहताक्षणी ते तुरीचंच झाड वाटतं. फरक कळतो तो दाण्यात: रानटी दाण्याच्या डोळ्याशी एक छोटी फुगीर गाठ असते, आपल्या तुरीला ती नसते.

आपल्या सह्याद्रीत कजानस सेरिसियस आणि कजानस लिनिएटस ही झुडपं आहेत. कजानस स्काराबिऑइडिस ही बारीक वेल तर देशभर माळरानावर आणि बांधावर दिसते. या सगळ्यांचा तुरीशी संकर होऊ शकतो. भावकीत काही लांबचेही आहेत. उदाहरणार्थ कजानस प्लॅटिकार्पस: त्याचा तुरीशी संकर केला तर शेंगेतला गर्भ पिकण्याआधीच मरतो. तो वेळेत बाहेर काढून प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवला तरच रोप हाती लागतं.

३. आमच्या बांधावर एक वेल आहे, तिला सगळे रानतूर म्हणतात. ती खरंच तुरीची नातलग आहे का?

गावागावात वेगवेगळ्या झाडांना रानतूर म्हणतात, त्यामुळे नावावरून काही ठरवता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा धरल्यावर बघा. स्काराबिऑइडिसची वेल बारीक असते, गवतावर चढते किंवा जमिनीवर पसरते. पानं तीन-तीनची आणि तुरीपेक्षा बरीच लहान. फूल पिवळं. शेंग जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची, तिच्यावर दाट केस असतात आणि दोन दाण्यांच्या मध्ये आडवी खाच दिसते. पिकलेली शेंग हातात धरली तर दोन्ही फाकं पिळवटून उघडतात आणि दाणे उडतात. या केसांना पुढे फार महत्त्व आहे (प्रश्न ८).

४. पेढीत बी गेल्यावर त्याचं नेमकं काय करतात?

आधी नोंद होते. कुठून आणलं, कधी, जमीन कशी, किती झाडांवरून घेतलं. त्यावरून नमुन्याला क्रमांक मिळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत देशी नमुन्याला IC आणि परदेशी नमुन्याला EC असं अक्षरचिन्ह लागतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तुरीच्या नमुन्यांना ICP आणि रानटी नमुन्यांना ICPW. या एका पेढीत तुरीचे १३ हजारांहून जास्त नमुने आहेत. त्यातले रानटी साडेपाचशेच्या आसपास.

मग साफसफाई होते आणि बी वाळवतात. उन्हात नाही, तर साधारण १५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत, तीन-चार आठवडे हळूहळू. दाण्यातली ओल ५ ते ७ टक्क्यांवर आली की ॲल्युमिनियमच्या थराच्या पाकिटात हवाबंद करून उणे १८ ते उणे २० अंशाला ठेवतात. हा मूळ साठा, त्याला सहसा हात लावत नाहीत. मागणीनुसार वाटण्यासाठी दुसरा साठा ४ अंशाच्या आसपास ठेवलेला असतो.

लोकांचं लक्ष थंडीकडे जातं, पण निम्मं काम वाळवण्यानंच होतं. बियाण्याच्या शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: दाण्यातली ओल एका टक्क्यानं कमी केली की आयुष्य दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओल १२ वरून ७ टक्क्यांवर आणली तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. हे सगळं वीज न वापरताही बऱ्याच अंशी साधता येतं. अर्थात हा ठोकताळा एका मर्यादेतच लागू पडतो. ओल ५ टक्क्यांच्या खाली नेऊन आणखी फायदा होईल असं धरून चालत नाही.

५. म्हणजे तिथलं बी कायमचं जिवंत राहतं?

नाही. मरण लांबणीवर पडतं, टळत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी पाकीट उघडून उगवण तपासावी लागते. साधारण ८५ टक्क्यांच्या खाली उगवण गेली की तो नमुना पुन्हा शेतात पेरून ताजं बी घ्यावं लागतं (प्रश्न ६).

रानटी तुरीत ही तपासणी फसवी ठरू शकते. ओल्या कागदावर पन्नास दाणे मांडले आणि दहाच उगवले, तर नवखा माणूस लिहितो, उगवण २० टक्के. पण उरलेले चाळीस बोटानं दाबून बघा. काही फुगलेले, मऊ, बुरशी धरलेले असतात. ते मेलेले. काही मात्र आठवड्यानंतरही मांडले तेवढेच, टणक आणि चकचकीत राहिलेले असतात. त्यांच्या सालीतून पाणीच आत गेलेलं नसतं. रानात हाच गुण त्यांना वाचवतो, कारण एका पावसात सगळे उगवले आणि मग उघडीप पडली तर वंशच बुडायचा. अशा दाण्याच्या सालीला, डोळ्याची बाजू सोडून, ब्लेडनं बारीकसा छेद द्यायचा आणि पुन्हा ओल्या कागदावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दाणा दुप्पट फुगतो, आणि लवकरच मोड दिसतो. शिकाऊ असताना मी असे टणक दाणे मेलेल्यांत मोजले होते. शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी ते कचऱ्यातून परत काढून छेद दिले आणि त्यातले बहुतेक उगवले. तेव्हापासून मी दाणा दाबल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

६. पुन्हा पेरून बी घ्यायचं यात अवघड काय आहे? शेतकरी दरवर्षी तेच करतो.

पेढीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते लगेच दिसतही नाही.

तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या झाडाचा पराग सहज लागतो. रानटी वेल उघड्यावर पेरली आणि जवळ कुणाची तूर असली, तर निघालेल्या बियांत काही संकरित दाणे मिसळतात. पाकिटावर जुनाच क्रमांक असतो, आत मात्र माल बदललेला. म्हणून पुनर्निर्मिती मधमाशी शिरणार नाही अशा जाळीच्या पिंजऱ्यात करतात किंवा फांद्यांना मलमलच्या पिशव्या बांधतात. भेसळ ओळखायची तर पुढच्या पेरणीत लक्ष ठेवावं लागतं: पसरणाऱ्या वेलींत एखादं झाड ताठ उभं राहिलं, पानं मोठी आली, किंवा दाण्याच्या डोळ्याशी असायला हवी ती गाठ नसली, की ते बाजूला काढायचं.

दुसरा धोका संख्येचा. शंभर झाडांच्या नमुन्यातून दहाच झाडांवर बी घेतलं, तर जो गुण शंभरात दोन-तीन झाडांत होता तो बहुधा गेला. तो गेल्याचं कळणारही नाही, कारण तो होता हेच कुणाला माहीत नसतं. ही भीती पोकळ नाही हे पुढच्या उत्तरात दिसेल.

७. एका पाकिटातल्या दोन-चार दाण्यांनी काय बिघडतं?

इथे तूर सोडून भाताकडे जावं लागतं, कारण याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तिथलं आहे. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ग्रासी स्टंट या विषाणूनं भातपीक खुजं होऊन बसू लागलं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो नमुने तपासले. लागवडीच्या भातात कुठेच प्रतिकार मिळाला नाही. तो मिळाला ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात, आणि तो नमुना उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता. त्या नमुन्यातलीही सगळी झाडं प्रतिकारक नव्हती, मोजकीच होती. त्यांचा गुण गुरदेव सिंग खुश यांच्या गटानं लागवडीच्या भातात आणला, आणि १९७६ मध्ये आलेल्या आयआर ३६ सारख्या वाणांतून तो लाखो हेक्टरवर पोचला.

तो नमुना गोळा करणाऱ्यानं पाच झाडांवरून बी घेऊन काम आटोपलं असतं, तर कदाचित ती झाडं सुटली असती. म्हणूनच आम्ही एका ठिकाणी निदान पन्नास झाडांवरून, प्रत्येकाच्या थोड्या-थोड्या शेंगा घेतो. सगळ्यात भरलेल्या एका झाडावरून पिशवी भरण्याचा मोह होतो, तो टाळावा लागतो.

८. तुरीत रानटी नातलगाचा प्रत्यक्ष उपयोग झाला आहे का, की सगळं पुढे कधीतरी?

झाला आहे, आणि तो रोगप्रतिकारात नाही तर भलत्याच ठिकाणी झाला.

कापूस, बाजरी, ज्वारीत संकरित बियाण्यानं उत्पादन वाढलं, कडधान्यांत मात्र तसं होईना. अडचण फुलात होती. संकर करायचा तर मादी ओळीतल्या झाडांना स्वतःचा पराग नको. इक्रिसॅटनं १९९१ मध्ये आयसीपीएच ८ हा तुरीचा पहिला संकरित वाण दिला. अकोल्याच्या विद्यापीठानंही त्या दशकात याच पद्धतीचे संकरित वाण काढले. त्यात मादी ओळीतली निम्मी झाडं पराग नसलेली आणि निम्मी परागवाली निघत. फुलोऱ्याच्या वेळी मजुरांनी एकेक झाडाचं फूल उघडून बघायचं आणि परागवालं झाड उपटायचं. एक-दोन राहून गेली तरी बियाण्यात भेसळ. हे बियाणं इतकं महाग पडू लागलं की शेतकऱ्यापर्यंत ते पोचलंच नाही.

मग शास्त्रज्ञ रानाकडे वळले. युक्ती अशी: पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग, म्हणजे पेशीद्रव्य, फक्त आईकडून येतो. रानटी झाड आई धरून तुरीशी संकर केला, आणि पुढे दरवर्षी तुरीचाच पराग दिला, तर काही पिढ्यांनी झाड दिसायला तुरीचं होतं, पण पेशीद्रव्य रानटीच राहतं. त्या रानटी पेशीद्रव्याचं आणि तुरीच्या केंद्रकाचं जमत नाही, म्हणून पराग तयार होत नाही. आता मादी ओळीतलं प्रत्येक झाड परागाविना. उपटायला काही उरलंच नाही.

पहिला प्रयत्न सेरिसियसवर झाला, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या झुडपावर. पण थंडी पडली की त्या झाडांना पुन्हा पराग यायचा. मग स्काराबिऑइडिस. त्यावरून गुजरातेत जीटीएच १ हा वाण निघाला. शेवटी कजानिफोलियसच्या पेशीद्रव्यावर बेत नीट बसला: मादी ओळी हवामान बदललं तरी परागहीन राहिल्या, आणि दुसऱ्या बाजूच्या नर वाणाशी संकर केल्यावर शेतकऱ्याच्या शेतातल्या झाडांना पराग व्यवस्थित आला. के. बी. सक्सेना यांच्या गटाचं हे काम. त्यातून आयसीपीएच २६७१ हा वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. पूर्व घाटातल्या ज्या झाडाची शेंग कुणी खात नाही आणि ज्याला बाजारात किंमत नाही, त्याच्या पेशीद्रव्यावर हे उभं आहे. ते बी पाकिटात नसतं तर शास्त्रज्ञ कुठून आणणार होते?

या वाणांतही अडचणी आहेतच. बीजोत्पादनासाठी पाचशे मीटरच्या आत दुसरी तूर नको आणि मधमाश्या भरपूर हव्यात. फुलोऱ्यात चुकीच्या वेळी फवारणी झाली तर मादी ओळीला शेंगाच धरत नाहीत.

शेंगा पोखरणाऱ्या अळीचं काय, हे तर सगळ्यात जास्त वेळा विचारतात. स्काराबिऑइडिसच्या शेंगेवर जे दाट, आखूड केस आहेत, त्यांत नुकती अंड्यातून निघालेली अळी अडकते आणि सालीपर्यंत तिचं तोंड पोचत नाही. लागवडीच्या तुरीच्या शेंगेवरही केस आहेत, पण त्यातल्या काहींतून असा द्रव पाझरतो की अळी उलट खायला प्रवृत्त होते. मग ते केस तुरीवर का आणले नाहीत? कारण रानटी झाडाकडून एकटा गुण येत नाही. पहिल्या संकरातली झाडं अर्धवट लोळणारी, पुढच्या पिढीत बारीक काळपट दाणे, शेंगा वाळताच फुटणाऱ्या. हे नको असलेले गुण हवे असलेल्या गुणाच्या शेजारीच बसलेले असतात आणि त्याच्यासोबत येतात. तुरीशी पुन्हा-पुन्हा संकर करून ते एकेक झडवावे लागतात, आणि प्रत्येक वेळी केस शिल्लक आहेत का हे अळ्या सोडून बघावं लागतं. तूर वर्षातून एकदाच येते, त्यामुळे दहा-बारा वर्षं सहज जातात. शिवाय केसाळ शेंग दाल मिलला आणि हिरव्या शेंगा विकणाऱ्याला चालेल का, हाही प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर या पूर्वतयारीच्या कामाला जेवढी माणसं हवीत तेवढी आज कुठेच नाहीत, आणि अडलंय ते तिथेच.

९. रानटी झाडाचा गुण आणला म्हणजे वाण जीएम झाला का?

नाही. वरचं सगळं पराग आणि फूल यांच्या नेहमीच्या संकरातून झालं आहे. प्रश्न २ मध्ये सांगितलेली गर्भ वाचवण्याची पद्धत प्रयोगशाळेत होते, पण तिथेही संकर परागानंच झालेला असतो, गर्भाला फक्त बाहेर वाढवलेलं असतं.

१०. आंबा, फणस, कोकम यांची कोयही अशीच ठेवतात का?

ठेवता येत नाही. ही बी वाळवली की मरते, आणि ओली असताना गोठवली तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. म्हणून अशा झाडांची प्रत्यक्ष बाग राखतात, किंवा कोवळा गर्भ आणि कोंबाचं टोक खास प्रक्रिया करून उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. बागेला वणवा, रोग आणि जमिनीचे वाद या सगळ्यांची भीती असते, त्यामुळे एकाच जातीची झाडं दोन ठिकाणी असलेली बरी.

११. पेढीच बुडाली तर?

म्हणून नमुन्यांच्या दुय्यम प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची तिजोरी २००८ मध्ये सुरू झाली ती याचसाठी. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या इकार्डा संस्थेला आपल्या पेढीत काम करणं अशक्य झालं, तेव्हा २०१५ मध्ये तिनं स्वालबार्डमधलं आपलं बी परत मागवलं आणि लेबनॉन व मोरोक्कोत ते पुन्हा वाढवलं. स्वालबार्डमधल्या बियांवरचा हक्क ते बी ठेवणाऱ्या पेढीचाच राहतो, पाकीट दुसरं कुणी उघडत नाही.

१२. शेतकरी म्हणून मला पेढीतून बी मिळेल का? आणि माझ्याकडचं गावरान वाण द्यायचं असेल तर?

पेढी संशोधन आणि पैदाशीसाठी मूठभर दाणे देते, एकरभर पेरायला नाही. एखादं हरवलेलं गावरान वाण परत वाढवायचं असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या मार्फत मागणी केलेली सोयीची पडते, आणि पहिली दोन वर्षं फक्त बी वाढवण्यात जातील हे धरून चला.

द्यायचं असेल तर राष्ट्रीय पेढीचं प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे. बियांसोबत गावाचं नाव, घरात किती वर्षांपासून आहे, कशासाठी चांगलं, कुठे कमी पडतं हे लिहून द्या. माहितीशिवाय आलेलं बी पुढे कुणी मागत नाही. वाणाची नोंद तुमच्या नावे व्हावी असं वाटत असेल तर ती वेगळी प्रक्रिया आहे: २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवता येतं. पेढीत बी दिलं म्हणजे ही नोंदणी आपोआप होत नाही, अनेकांची इथे गफलत होते.

रोजच्या वापरासाठी गावातली बियाणे बँक जास्त कामाची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जे उभं केलं आहे ते दरवर्षी पेरून जिवंत ठेवण्याचं काम आहे. उणे २० अंशाच्या पाकिटात आणि त्यांच्या अंगणातल्या मडक्यात तेच वाण असू शकतं, पण अंगणातलं दरवर्षी बदलत्या पावसाला तोंड देत पुढे जातं.

१३. घरचं तुरीचं बियाणं फ्रीजमध्ये ठेवू का?

आधी वाळवा, मग विचार करा. ओलं बी फ्रीजमध्ये ठेवून काहीच साधत नाही. सावलीत नीट वाळवलेलं बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणी खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, घरी वाळवलेल्या दाण्यात तेवढी ओल उरतेच. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडू नका. रात्रभर तशीच राहू द्या. थंड दाण्यावर दमट हवा लागली की पाणी धरतं, आणि सगळं वाळवणं एका मिनिटात वाया जातं.

१४. पेढीत एकदा ठेवलं की रानातली झाडं गेली तरी चालतील ना?

पाकिटातलं बी गोळा केलं त्या वर्षीच्या हवामानात थांबलेलं असतं. रानातली वेल मात्र दर पावसाळ्यात नव्या किडींना, नव्या उन्हाळ्याला सामोरी जाते आणि त्यातून टिकलेल्यांचं बी पडतं. पेढीतला ताजा नमुना तिथूनच यायचा असतो. पण बांधावर तणनाशक मारलं, माळ नांगरून काढला, फुलोऱ्यात चराई झाली, की स्काराबिऑइडिस दोन-तीन हंगामांत दिसेनाशी होते.

तुमच्या भागात ती असेल आणि आम्हाला बी पाठवायचं असेल, तर शेंगा पूर्ण पिकेपर्यंत थांबू नका, हाती काही लागणार नाही, सगळे दाणे उडून गेलेले असतील. शेंग हिरव्यावरून तपकिरी व्हायला लागली की पातळ कापडाची पिशवी वेलीवर सैल बांधा आणि आठवड्यानं सोडा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरून बुरशी येते. एका वेलीची एक पुडी करा, सगळं एकत्र करू नका, आणि निम्म्या शेंगा तिथेच राहू द्या.